सांग माझ्या विठ्ठला

(आषाढीची वारी यंदा चुकली. आई अंथरुणाला खिळली आहे. ही गझल तिच्या उशाशी बसून लिहिली.)

मी कसे वारीस यावे, सांग माझ्या विठ्ठला
की तुला येथेच गावे, सांग माझ्या विठ्ठला

पालखी गेली पुढे अन् पाय दारी थांबले
मी किती मागे पहावे, सांग माझ्या विठ्ठला

झोपली आत्ताच आई, बोट माझे सोडिना
मी कुठे आता निघावे, सांग माझ्या विठ्ठला

चार गोळ्या, घोट पाणी, ही अशी पूजा घडे
तीर्थ हे कोठे मिळावे, सांग माझ्या विठ्ठला

टाळ खुंटीला तिचे ते. रोज ती पाही, हसे
मी तिला कैसे पुसावे, सांग माझ्या विठ्ठला

श्वास आईचा अडे अन् जीभ माझी कोरडी
नाम तेव्हा का अडावे, सांग माझ्या विठ्ठला

'ती बरी होवो' म्हणू की 'वेदना थांबो' म्हणू
मागणे कैसे करावे, सांग माझ्या विठ्ठला

दूर आहे चंद्रभागा, आसवांची ओंजळी
अर्घ्य हे का ना रुचावे, सांग माझ्या विठ्ठला

पुंडलीकाच्या घरी तू थांबलेला ना उभा?
तू इथे केव्हा दिसावे, सांग माझ्या विठ्ठला

भांडतो आहे तुझ्याशी, ऐकणारा तूच ना?
मी कुणापाशी रडावे, सांग माझ्या विठ्ठला

ती म्हणे, 'जा तू, पहा तो; मीच येथे थांबते'
माउली कोणा म्हणावे, सांग माझ्या विठ्ठला