मामाला कट कर

लग्न एप्रिलमधलं आणि अण्णांचा फोन आला जूनमध्ये. आमच्याकडे द्राक्षाचा सीझन उरकला, व्यापाऱ्याकडून पैसे सुटले की लग्नांची लाईन लागते, औरंगाबाद रोडची सगळी लॉन्स फुल, मग एडिटिंग पावसाळ्यापर्यंत लांबणारच. मला वाटलं "व्हिडीओ कधी देतो"चा फोन असेल, म्हणून आपलं नेहमीचं उत्तर तयार ठेवलं होतं, अण्णा रेंडरला टाकलंय.

"भाऊ, एक काम कर. आमच्या मेव्हण्याला त्याच्यातून काढून टाक."

"कुठल्या शॉटमधून?"

"सगळ्या. तो लग्नात नव्हताच असं दिसलं पाहिजे."

आता असली कामं आम्हाला नवीन नाहीत. साखरपुडा मोडला म्हणून कुणाचा होणारा जावई काढलाय, एकाची शर्टाबाहेर आलेली ढेरी काढलीय, पण तो कोपऱ्यातला माणूस असतो, काढला तरी कुणाला कळत नाही. हा होता नवरीचा सख्खा मामा. मंगलाष्टकं सुरू असताना नवरीच्या पाठीमागे कोण उभं असतं? मामाच ना. म्हणजे नवरी जिथे तिथे मामा, आणि नवरीला काढून लग्नाचा व्हिडीओ कसा करायचा ते अण्णांनी सांगितलं नाही.

भानगड मला थोडी माहीत होती, लग्नाच्या घरात आमच्यापासून काय लपतं, कॉलरचे माईक आम्हीच लावतो. काकूंचे वडील गेल्यावर दिंडोरी तालुक्यातल्या बागेच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून काकूंचं पण नाव लागलं. २००५ पासून मुलीला मुलाएवढाच हक्क आहे हे आता खेड्यातल्या पोरीलापण माहीत असतं, पण सुभाषमामा हक्कसोडपत्र घेऊन आले आणि बोलले, ताई इथे सही कर. काकूंनी नाही केली. तेव्हापासून राखी बंद, भाऊबीज बंद, काही वर्षं येणंजाणं नाही. पत्रिकेत मामाचं नाव नव्हतं, अण्णांनी मामा म्हणून चुलत मेव्हणा ठरवून ठेवला होता, त्याला नवा सफारी पण शिवला. आणि ऐन मुहूर्ताला, भटजी माईकवर "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं" म्हणतात तोच हा माणूस एका हाताने आजीला धरून स्टेजवर चढला. नवरीनेच, प्राजूने, गुपचूप फोन केला होता म्हणे. चुलत मामा मुकाट्याने बाजूला सरकला, सफारी तसाच राहिला.

आणि हे सगळं एलईडी वॉलवर लाईव्ह चालू होतं, हजारेक माणसाने बघितलं. यूट्यूबची लिंक अण्णांनी नंतर प्रायव्हेट करायला लावली ते वेगळं.

तर मी बसलो. शूट ४के, डिलिव्हरी एचडीमध्ये, म्हणजे फ्रेम दुप्पट ओढली तरी चित्र फाटत नाही, तेवढी जागा मिळते. हळदीत मामा नव्हतेच. जेवणाच्या पंगतीतून गेले, आहेरातून गेले, ड्रोनमध्ये माणसं मुंगीएवढी, तिथे कोण ओळखतो. गोट्या म्हणाला दादा मास्क करून मामाच्या जागी मागचं फुलांचं डेकोरेशन चिकटवू. चिकटव म्हटलं, सेकंदाला २५ फ्रेम आहेत, दहा सेकंदाला अडीचशे, बस करत. त्याने एक शॉट केला, त्यात नवरीच्या खांद्यावर चार बोटं राहिली, नुसती बोटं. भूताचं लग्न वाटायला लागलं, तो नाद सोडला.

शेवटी सरळ रस्ता धरला. मंगलाष्टकांमध्ये नवऱ्याकडचा कॅमेरा जास्त घेतला, नवरीचे नुसते क्लोजअप, मधेमधे अक्षता टाकणारी पब्लिक, अंतरपाटावरचं स्वस्तिक. मामा गायब. म्हटलं तर बरं झालं होतं. अण्णांना बघायला बोलावलं.

अण्णा आणि काकू दोघं आले, पंचवटी कारंज्याजवळ वरच्या मजल्यावर माझं ऑफिस आहे, पायऱ्या चढून काकूंना दम लागला होता. अण्णा खूश. बरोबर, बरोबर करत मान हलवत होते. काकू काहीच बोलत नव्हत्या. मंगलाष्टकं संपली, हार घातले, बँड वाजला तेव्हा अण्णांनीच विचारलं,

"सासूबाई कुठंयत रे?"

मी काय बोलणार. म्हटलं अण्णा, त्या मामांबरोबर गेल्या.

त्यांना कळेना, मग ओरिजिनल फुटेज लावलं. आजीला खाली पहिल्या रांगेत सोफा दिला होता पण ती बसली नाही, नातीच्या मागे उभी राहिली, गुडघे धड नाहीत म्हणून पूर्ण भार मामावर टाकून. मामाचा उजवा हात प्राजूच्या खांद्यावर, डाव्या कोपराला आजी. नऊवारीचा पदर सारखा घसरत होता तो मामा हनुवटीनेच इशारा करून मागच्या बाईला सावरायला लावत होते, कारण हात मोकळा नाही. प्रत्येक "सावधान"ला आजी अक्षता टाकायची आणि त्या पुढे जायच्याच नाहीत, तिच्याच पायाशी पडायच्या. दोन-तीनदा असं झाल्यावर तिने मूठ मामाच्या उजव्या हातात रिकामी केली आणि मग मामा तेवढ्यापुरता खांद्यावरचा हात काढून प्राजूच्या डोक्यावर टाकायचे. पुढच्या सगळ्या मंगलाष्टकांना तसंच. द्राक्षाची कात्री चालवून अंगठ्याला घट्टा पडलेला हात, तो फोकसमध्ये होता, आजीचा चेहरा पण.

अण्णा स्क्रीनकडे बघत म्हणाले, "हात दिसला तर चालेल. तोंड नको."

मी फ्रेम ओढून दाखवली. मामाचं तोंड गेलं की आजीचं कपाळ कापलं जातं. खाली घेतली तर आजीची हनुवटी आणि मामाचं पोट. अण्णा म्हणे जरा डावीकडे घे, डावीकडे घेतलं, आजीचा एक डोळा आणि नथ.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "माझ्या आईला अर्धं कापायचं नाही."

"अगं पण त्याने तुला..."

"ते मला माहितीय काय केलं ते. मी सही केली नाही आणि करणार पण नाही, वाटणीचा दावा टाकायचा तर टाकू, वकिलाकडे मीच येते. पण त्या दिवशी तो होता ना? होता. मग दिसू दे." आणि माझ्याकडे वळून, "मागे घ्या हो जरा, आई अक्षता देते तिथपासून."

अण्णांनी मोबाईल काढला, उगाच वर-खाली केला, चहा सांगू का म्हटलं तर नको म्हणाले. काकूंनी तो तुकडा पूर्ण बघितला, परत एकदा लावायला सांगितला, मग पर्समधून पाकीट काढून एक्स्ट्रा एडिटिंगचे किती म्हणून विचारलं. मी म्हटलं उलट काम कमी झालं काकू, आता आहे तसंच ठेवायचंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचा फोन.

"फायनल करून टाक."

"मामांसकट ना अण्णा? नंतर परत म्हणाल."

"सांगितलं ना फायनल कर म्हणून." थोडा वेळ नुसता ट्रॅक्टरचा आवाज. "आणि ते हार घालताना माझा फेटा वाकडा दिसतोय. तो शॉट काढ."

म्हटलं अण्णा, फेट्याला लागूनच तुमचे व्याही उभेत.

"मग राहू दे," म्हणाले.