उदयोन्मुख करिअर : दहावीच्या वर्गाच्या आकांक्षा आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या मुलाखती

प्रकल्प अहवाल, इयत्ता नववी, गट क्रमांक ३
बेळगाव तालुक्यातील मराठी माध्यमाचे माध्यमिक विद्यालय

विषय आणि पद्धत

आमच्या शाळेतील दहावीच्या दोन तुकड्यांतील ६१ विद्यार्थ्यांना (३४ मुली, २७ मुले) पुढे काय करायचे आहे, आणि आमच्या परिसरात अलीकडे कोणती नवी कामे उभी राहिली आहेत, या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात, असे गटाने ठरवले. त्यासाठी आम्ही दोन प्रश्नपत्रके भरून घेतली आणि तीन सविस्तर मुलाखती घेतल्या. मुलाखत देणाऱ्यांच्या इच्छेनुसार त्यांची व त्यांच्या आस्थापनांची नावे येथे दिलेली नाहीत.

पहिले प्रश्नपत्रक आणि त्यातील आमची चूक

पहिल्या पत्रकावर नाव लिहायचे होते आणि प्रश्न एकच होता : ‘तुम्हाला काय व्हायचे आहे?’ उत्तरांत पोलीस किंवा सैन्य १७, डॉक्टर किंवा नर्स १४, इंजिनिअर ११, शिक्षक ८ आणि इतर ५ अशी विभागणी झाली. ६ जणांनी ‘अजून ठरले नाही’ असे लिहिले. सैन्याचा आकडा मोठा येणे साहजिक होते, कारण मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावातच आहे आणि आमच्या गावांत निवृत्त जवान नाही अशी गल्ली सापडणे कठीण आहे. उरलेल्या उत्तरांविषयी मात्र आम्हाला शंका आली. पत्रके भरताना वर्गशिक्षक वर्गात उभे होते आणि बाकावरचा शेजारी काय लिहितो हे प्रत्येकाला दिसत होते. शिवाय ‘इंजिनिअर’ लिहिणाऱ्या ११ जणांपैकी कोणती शाखा हे एकालाही सांगता आले नाही.

म्हणून दहा दिवसांनी नाव न लिहिता भरायचे दुसरे पत्रक दिले. त्यात ‘गेल्या वर्षभरात तुम्ही कोणाचे काम सलग तासभर जवळून पाहिले?’ आणि ‘तुम्ही निवडलेल्या क्षेत्रात काम करणाऱ्या एखाद्या व्यक्तीशी कधी बोलला आहात का?’ असे दोन प्रश्न होते. दुसऱ्या प्रश्नाला ६१ पैकी ४४ जणांनी ‘नाही’ असे उत्तर दिले. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांत शेती, विणकाम, वेल्डिंग, गवंडीकाम, शिवणकाम आणि लेथ ही कामे पुन्हा पुन्हा आली, आणि यांपैकी एकही काम पहिल्या पत्रकात कोणी लिहिले नव्हते. जे काम पाहिले ते नको आणि जे हवे ते पाहिलेले नाही, अशी ही स्थिती आहे. मुलाखतींसाठी माणसे निवडताना आम्ही हाच धागा धरला आणि परिसरातील जुन्या कामांतूनच निघालेली नवी कामे शोधली.

पहिली मुलाखत : सीएनसी मशीनचे सेटर, उद्यमबाग

हे गृहस्थ अनगोळचे असून त्यांचे वडील फाउंड्रीत मोल्डर होते. वडील वाळूच्या साच्यात वितळलेले लोखंड ओतत. मुलगा तशाच ओतीव भागांवर संगणकाने चालणाऱ्या मशीनवर अंतिम काम करतो. बेळगावात फाउंड्री, मशीनशॉप आणि हायड्रॉलिक्स हे उद्योग एकमेकांच्या आधाराने वाढले, आणि पुढे हत्तरगी येथे विमानांच्या सुट्या भागांसाठी विशेष आर्थिक क्षेत्र उभे राहिले. त्यामुळे हे करिअर बाहेरून आलेले नसून फाउंड्रीच्या अंगणातच वाढले आहे, असे आम्हाला वाटते.

त्यांनी वहीत दोन ओळी लिहून दाखवल्या :

```
G00 X42.0 Z2.0
G01 Z-25.0 F0.2
```

पहिल्या ओळीने हत्यार वेगाने जॉबजवळ, म्हणजे कापायच्या भागाजवळ, येते, पण त्याला स्पर्श करत नाही. दुसऱ्या ओळीने ते ४५ मिलिमीटर व्यासाचा बार ४२ मिलिमीटरपर्यंत कापत २५ मिलिमीटर आत जाते आणि प्रत्येक फेऱ्याला ०.२ मिलिमीटर पुढे सरकते. उणे चिन्ह म्हणजे शून्यबिंदूपासून जॉबच्या आतली दिशा. निर्देशक भूमितीचा हा उपयोग आम्हाला वर्गात कोणी सांगितला नव्हता, आणि उणे चिन्ह विसरले तर गुण जातात एवढेच आजवर आम्हाला ठाऊक होते. येथे हत्यार तुटते.

हायड्रॉलिक व्हॉल्व्हमधील स्पूल, म्हणजे आत सरकणारा दांडा, काही मायक्रॉनच्या फरकानेही अडकतो, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणून ते नवीन मुलांना पहिला महिनाभर मशीनला हात लावू देत नाहीत, फक्त मायक्रोमीटर वाचायला लावतात. त्यांनी दहावीनंतर आयटीआय केले होते. आज विचारणाऱ्यांना ते बेळगावच्या शासकीय टूल रूम व प्रशिक्षण केंद्रातील टूल अँड डाय मेकिंगच्या पदविकेचीही माहिती देतात.

दुसरी मुलाखत : ड्रोनने फवारणी करणाऱ्या ताई, संकेश्वर परिसर

उंच वाढलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरणे किती अवघड असते, हे आमच्या गटातील दोघांनी स्वतः अनुभवले आहे. दहा लिटरच्या टाकीचा ड्रोन एका एकराची फवारणी साधारण दहा मिनिटांत उरकतो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे वैमानिकाचे वय किमान १८ असावे लागते, त्याने दहावी उत्तीर्ण केलेली असावी लागते आणि मान्यताप्राप्त संस्थेतून प्रशिक्षण घ्यावे लागते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरले असून किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये, साहाय्य मिळते.

ताईंनी अडचणीही मोकळेपणाने सांगितल्या. बॅटऱ्या लवकर उतरतात, म्हणून बांधावर जनरेटर न्यावा लागतो. वारा वाढला की काम थांबवावे लागते. आणि हंगाम संपला की अनेक आठवडे मागणी नसते. ‘बाळांनो, हे एकच काम धरून वर्ष निघत नाही,’ असे त्या म्हणाल्या. हे वाक्य करिअरच्या जाहिरातीत छापले जाणार नाही, म्हणून आम्ही ते येथे मुद्दाम नोंदवत आहोत.

तिसरी मुलाखत : डायलिसिस तंत्रज्ञ, बेळगाव

पहिल्या पत्रकात रुग्णालय म्हणजे डॉक्टर आणि नर्स एवढेच होते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला बहुधा आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, यंत्राला जोडावे लागते, आणि त्या वेळात यंत्र, पाणी, रक्तदाब यांच्यावर लक्ष तंत्रज्ञाचे असते. मुलाखत देणाऱ्या मॅडमनी पीयूसी विज्ञान शाखेनंतर हा अभ्यासक्रम केला. २०२१ मध्ये संमत झालेल्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यामुळे अशा व्यवसायांच्या शिक्षणाचे व नोंदणीचे नियमन आता कायद्याच्या कक्षेत आले आहे.

भाषेविषयी

हा प्रश्न आमच्या यादीत नव्हता, पण तिघांनीही तो आपणहून काढला. डायलिसिस केंद्रात चंदगडचा रुग्ण मराठीत बोलतो, सौंदत्तीचा कन्नडमध्ये, आणि यंत्राची पुस्तिका इंग्रजीत असते. सेटर म्हणाले की शाळेत कन्नड पास होण्यापुरते शिकलो आणि पुढे कामावर सोबत्यांकडून ते नव्याने शिकावे लागले. वर्गात ज्या विषयाकडे आम्ही सर्वांत कमी लक्ष देतो, तो तिघांनीही पगाराशी जोडला.

पुढील भेट

हा अहवाल वर्गात वाचून दाखवल्यानंतर उद्यमबागेतील मशीनशॉप पाहण्यासाठी दहावीच्या १४ जणांनी नावे दिली. त्यात ९ मुली आहेत आणि त्यांपैकी चौघींनी पहिल्या पत्रकावर ‘शिक्षिका’ असे लिहिले होते. पालकांची संमतिपत्रे गोळा होत आहेत. भेट शनिवारी दुपारी असून बंद बूट घालून यावे आणि ओढणी घालू नये, एवढीच सूचना कारखान्याकडून आली आहे.