चॅटबॉटला फोटो दिला, तर तो एडिट करून देतो की नुसता सल्ला देतो?

मी जुने फोटो दुरुस्त करते आणि दर शनिवारी नवशिक्यांचा एक वर्ग घेते. गेल्या वर्षभरात वर्गात फोटोशॉपपेक्षा चॅटबॉटबद्दलच जास्त विचारलं जातंय. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांना मी दिलेली उत्तरं इथे लिहून काढली आहेत.

फोटो अपलोड करून ‘उजेड वाढव’ म्हटलं, तर बॉटने फोनमधल्या पायऱ्या सांगितल्या. फोटो काही बदलून दिला नाही. माझं काही चुकलं का?

नाही, तुमचं काही चुकलं नाही. फोटो पाहता येणं आणि फोटो बदलता येणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं येणाऱ्या प्रत्येक बॉटला दुसरं येतंच असं नाही. फोटोत कोण कुठे उभं आहे, उजेड कुठून येतोय, मागे खिडकी आहे का, हे बॉट बरंचसं ओळखतो आणि त्यावर बोलतो. पण त्याच्याकडून परत येतात ते शब्द. तुमच्या फाइलला त्याने हात लावलेला नसतो.

मग फोटो खरोखर बदलून देणारे बॉट कोणते?

नावांची यादी देण्यात अर्थ नाही, कारण एकाच बॉटच्या फुकट आणि पैसे भरून घेतलेल्या खात्यांत फरक असतो आणि महिन्या-दोन महिन्यांत सोयी बदलतात. त्यापेक्षा काम कोणत्या पद्धतीने होतं ते ओळखायला शिका. पद्धती तीन.

पहिली, नुसता सल्ला. वर सांगितली तीच.

दुसरी, चित्र नव्याने काढून देणं. चॅटजीपीटीत मार्च २०२५ मध्ये आलेली चित्रांची सोय किंवा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जेमिनीत आलेलं ‘नॅनो बनाना’ हे मॉडेल या प्रकारातलं. तुमचा फोटो आणि तुमची सूचना घेऊन ते एक नवं चित्र तयार करतात.

तिसरी, बॉटने छोटा प्रोग्राम लिहून तुमच्या फाइलवर चालवणं. क्लॉड, चॅटजीपीटी यांसारख्या काही बॉटना कोड चालवायची जागा दिलेली असते. फोटो कापणं, फिरवणं, आकार बदलणं, कृष्णधवल करणं, उजेड ठरावीक प्रमाणात वाढवणं ही कामं या पद्धतीने स्वच्छ होतात. इथे मात्र बदलतो तो तुमचाच फोटो.

‘नवं चित्र’ म्हणजे काय? मला तर माझाच फोटो दिसतो.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

साध्या एडिटिंग ॲपमध्ये उजेडाची पट्टी सरकवली की प्रत्येक पिक्सेलचा आकडा हिशेबाने वरखाली होतो. डोळ्याच्या जागी डोळाच राहतो. चित्र काढणारं मॉडेल तसं करत नाही. ते तुमचा फोटो समजून घेतं आणि त्याच्यासारखं चित्र पुन्हा रचतं. अगदी उत्तम चित्रकाराने फोटो समोर ठेवून हुबेहूब चित्र काढावं, तसं. चित्र कितीही जमलं तरी ते त्याने काढलेलं असतं.

माझ्याकडे एक बाई त्यांच्या आजोबांचा फोटो घेऊन आल्या होत्या. मूळ फोटो काड्यापेटीएवढा, मधून घडी पडलेला, डाव्या गालावर पांढरा पट्टा. त्यांनी तो आधी एका बॉटकडून ‘दुरुस्त’ करून घेतला होता. घडी गेली होती, कापड झकास दिसत होतं, डोळ्यांत चमक होती. पण त्या म्हणाल्या, ‘हे आजोबा नाहीत.’ दोन्ही फोटो मोठे करून शेजारी ठेवले तेव्हा कारण सापडलं. उजव्या भुवईवरची जुन्या जखमेची खूण मूळ फोटोत होती, नव्यात पुसली गेली होती. डावा कान थोडा बाहेर आलेला होता, तो नीट चिकटलेला झाला होता. मॉडेलला खूण म्हणजे डागच वाटली असणार. घरच्यांसाठी मात्र त्या खुणेतच आजोबा होते.

त्या फोटोवर मी हाताने काम केलं. पट्टा भरला, घडी मिटवली, बाकी कशालाही हात लावला नाही. खूण जागेवर राहिली.

‘चेहरा अजिबात बदलू नको’ असं सांगितलं तर?

सांगाच, उपयोग होतो. पण त्याची खात्री देता येत नाही. मी वर्गात चार गोष्टी करायला लावते. एका वेळी एकच बदल मागायचा. सोय असेल तर बदलायचा भाग बोटाने किंवा ब्रशने निवडून द्यायचा. तरीही निवडीबाहेर काही हललं का ते पाहायचं. पुढचा बदल मागताना शक्यतो मूळ फोटो पुन्हा द्यायचा, कारण बदललेल्या चित्रावर पुन्हा बदल करत गेलं की चेहरा दर फेरीला थोडा थोडा घसरतो. आणि शेवटी दोन्ही चित्रं मोठी करून डोळे, दात, कान, बोटं आणि पाटीवरची अक्षरं एकेक करून ताडून पाहायची.

माणूस नसलेल्या फोटोत एवढी काळजी लागत नाही. आकाशातली तार काढायची असेल तर खुशाल काढून घ्या.

बॉट म्हणतो, ‘मी फोटो उजळ केला आहे.’ पण चित्र कुठे दिसतच नाही. शोधायचं कुठे?

बहुतेक वेळा ते नसतंच. बॉट भाषेत पटाईत असतो, त्यामुळे न केलेलं कामही केल्यासारखं सांगून मोकळा होतो. त्यावर वाद घालत बसू नका. संवादात चित्र किंवा उतरवून घ्यायची फाइल दिसत नसेल, तर काम झालेलं नाही असं समजा. फाइल मिळाली तर ती उघडून पाहा; कधी कधी आहे तोच फोटो नव्या नावाने परत येतो.

अर्जासाठी ३५ × ४५ मिलिमीटरचा फोटो हवा आहे. बॉटकडून करून घेऊ का?

नुसतं कापायचं आणि आकार बसवायचा असेल तर घ्या, पण कोड चालवून करायला सांगा. छपाईसाठी ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ३०० ठिपके, धरलं तर हा आकार ४१३ × ५३१ पिक्सेल येतो. बॉटला कोड चालवता येत नसेल तर त्याच्याकडून कोड लिहून घ्या आणि तुमच्या संगणकावर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यासाठी फोटोंवर काम करणारं पिलो हे जोडसाधन असेल तर स्वतः चालवा. एवढंच लागतं:

```python
from PIL import Image, ImageOps
img = ImageOps.exif_transpose(Image.open("photo.jpg"))
img = ImageOps.fit(img, (413, 531))
img.save("arj.jpg", quality=92, dpi=(300, 300))
```

दुसऱ्या ओळीने फोनने आडवा साठवलेला फोटो सरळ होतो. तिसरी ओळ मधला भाग धरून कापते, म्हणून डोकं मध्यभागी नसेल तर आधी हाताने कापून घ्या. मूळ फाइल जशीच्या तशी राहते, कारण नवी फाइल वेगळ्या नावाने साठवली जाते.

चित्र नव्याने काढणाऱ्या बॉटकडून मात्र ओळखपत्राचा फोटो कधीही करून घेऊ नका. मागची भिंत पांढरी करताना त्याने जबड्याची कड किंवा केसांची रेघ बदलली, तर ज्या कामासाठी तो फोटो काढला तेच बिघडतं. पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून फोटो पुन्हा काढायला पाचच मिनिटं लागतात.

नुसता सल्ला मिळत असेल तर बॉटचा उपयोग काय?

खूप उपयोग आहे. शिकणाऱ्याला तर मी सल्लाच मागायला सांगते. फक्त प्रश्न नीट विचारायला हवा. ‘फोटो चांगला कर’ म्हटलं की गुळमुळीत उत्तर येतं. कोणतं ॲप वापरता, फोटो कशासाठी हवा आहे आणि तुम्हाला काय खटकतंय, या तीन गोष्टी सांगा.

वर्गातल्या एका मुलीचा फोटो खिडकीसमोर काढलेला होता. चेहरा काळा, बाहेरचं आकाश पांढरंफटक. ती सारखी ‘एक्स्पोजर’ वाढवत होती, चेहरा उजळायचा पण आकाश पार धुऊन निघायचं. तिने बॉटला फोटो दाखवून हेच विचारलं. उत्तर आलं की ‘एक्स्पोजर’ने सगळाच फोटो उजळतो, त्याला हात न लावता ‘शॅडोज’ वाढवून फक्त गडद भाग उघडा आणि ‘हायलाइट्स’ खाली आणा. दोन पट्ट्या सरकवल्या आणि चेहरा दिसायला लागला. आता तिला कोणत्याही ॲपमध्ये ते जमतं.

बॉटने सांगितलेले ‘+३५’, ‘-२०’ असे आकडे अंदाजाचे असतात, त्यामुळे ते तंतोतंत पाळू नका. पट्टी सरकवत डोळ्यांना पटेल तिथे थांबा. पूर्ण पांढऱ्या झालेल्या आकाशात मात्र माहितीच उरलेली नसते. ते परत आणता येईल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

दुसऱ्यांचे फोटो अपलोड केले तर चालतं का?

त्यांना विचारून. लहान मुलांचे शक्यतो नकोच. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये काढल्याची जागा आणि वेळ नोंदलेली असू शकते, ती आधी काढून टाका. तुमचे फोटो बॉटच्या प्रशिक्षणासाठी वापरले जातात का, हे सेटिंगमध्ये पाहा आणि नको असेल तर ते बंद करा.

बॉटने बदललेला फोटो आहे हे कोणाला कळतं का?

कळू शकतं. जेमिनीतून आलेल्या चित्रांत सिंथआयडी नावाची डोळ्यांना न दिसणारी खूण असते. चॅटजीपीटीच्या चित्रांच्या फाइलमध्ये ते कशाने तयार झालं याची नोंद असते, पण स्क्रीनशॉट घेतला की ती नोंद जाते. खूण असो वा नसो, चित्र घरच्या संग्रहात ठेवणार असाल तर फाइलच्या नावातच ‘बॉटने केलेलं’ असं लिहा आणि मूळ स्कॅन शेजारी ठेवा. वीस वर्षांनी तो फोटो पाहणाऱ्या नातवंडांना कोणता खरा हे सांगायला कदाचित आपण नसू.

बॉटकडून आलेला फोटो मोठा छापला तर फुटतो. असं का?

कारण नवं चित्र बहुधा मूळ फोटोपेक्षा लहान असतं. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेल असतो. त्या बदल्यात तुम्हाला १०२४ × १५३६ चं चित्र मिळालं, तर ३०० डीपीआयला ते जेमतेम साडेतीन बाय पाच इंच छापता येतं. म्हणून चित्र हातात आलं की पहिल्यांदा त्याचे पिक्सेल पाहा. मोठं छापायचं असेल तर बॉटच्या चित्राचा वापर फक्त नमुना म्हणून करा. कुठे किती उजेड हवा, कोणता डाग काढायचा हे त्यावरून ठरवा आणि प्रत्यक्ष काम मूळ मोठ्या फाइलवर स्वतः करा.