स्थलांतर आणि निवारा : इयत्ता बारावी, भूगोल, घरी सोडवायचा प्रश्नसंच

एकूण गुण ४०. मुदत दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या तासापर्यंत.

‘लोकसंख्या’ आणि ‘मानवी वस्ती’ ही प्रकरणे आपण वर्गात पूर्ण केली आहेत. आपले कनिष्ठ महाविद्यालय डोंबिवलीत असल्यामुळे, खालच्या तक्त्यातील सर्वांत मोठी वाढ ज्या जिल्ह्यात झाली त्याच जिल्ह्यात आपण राहतो, आणि तुमच्यापैकी अनेकांच्या घरची माणसे त्या आकड्यात मोजली गेलेली आहेत. म्हणून या संचातील निम्मे प्रश्न तक्त्यावर आणि निम्मे तुमच्या स्वतःच्या पाहणीवर आहेत. पाहणीच्या उत्तरात कोणाचेही नाव, घरक्रमांक किंवा भाड्याच्या कराराची प्रत देऊ नये. ‘शेजारच्या काकू’ किंवा ‘तळमजल्यावरचे कुटुंब’ एवढे लिहिणे पुरेसे आहे. कोणी उत्तर द्यायचे टाळले, तर पुन्हा विचारू नये.

| जिल्हा | लोकसंख्या २००१ | लोकसंख्या २०११ | दर हजार पुरुषांमागे स्त्रिया, २०११ |
|---|---|---|---|
| मुंबई शहर | ३३,३८,०३१ | ३०,८५,४११ | ८३२ |
| मुंबई उपनगर | ८६,४०,४१९ | ९३,५६,९६२ | ८६० |
| ठाणे | ८१,३१,८४९ | १,१०,६०,१४८ | ८८६ |
| रत्नागिरी | १६,९६,७७७ | १६,१५,०६९ | ११२२ |
| सिंधुदुर्ग | ८,६८,८२५ | ८,४९,६५१ | १०३६ |

आकडे भारताच्या जनगणनेचे आहेत. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला, त्यामुळे तक्त्यातील ठाणे म्हणजे वसई, विरार, डहाणू, जव्हार यांच्यासह असलेला जुना, अखंड जिल्हा होय. याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या १५.९९ टक्क्यांनी वाढली.

प्रश्न १. (६ गुण)
पाचही जिल्ह्यांचा दशवार्षिक वाढीचा दर काढा आणि आकडेमोड दाखवा. रत्नागिरीची लोकसंख्या राज्याच्या सरासरी दराने वाढली असती, तर २०११ मध्ये ती किती झाली असती? हा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा यांतील तफावत लिहा. ‘रत्नागिरीतून दहा वर्षांत ८१,७०८ लोक बाहेर गेले’ असे एका विद्यार्थ्याने मागील वर्षी लिहिले होते. त्याची वजाबाकी बरोबर होती, तरी निष्कर्ष का चुकला हे जन्म, मृत्यू आणि स्थलांतर या तिन्हींचा विचार करून स्पष्ट करा.

प्रश्न २. (५ गुण)
मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे अडीच लाखांची घट झाली आणि ठाणे जिल्ह्यात २९ लाखांहून अधिक वाढ झाली. ‘गिरगाव-परळची माणसे डोंबिवली-बदलापूरला गेली’ हे आपण सर्रास ऐकतो आणि त्यात तथ्यही आहे. मात्र केवळ या तक्त्यावरून ते सिद्ध होते का? ठाण्यातील उरलेली वाढ कोठून आली असावी, आणि ते ठरवण्यासाठी जनगणनेतील जन्मस्थान व पूर्वीचे वास्तव्याचे ठिकाण या नोंदींचा उपयोग कसा होईल, ते लिहा.

प्रश्न ३. (७ गुण)
रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आणि मुंबई शहरात ८३२, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. गिरणगावात एकेकाळी एकाच गावचे वीस-पंचवीस गडी मिळून एक खोली घेत असत. पहिल्या पाळीचा कामगार उठून गेला की त्याच जागेवर रात्रपाळीचा येऊन झोपे, ट्रंका भिंतीशी रचलेल्या असत, आणि जेवण खानावळवाल्या बाईंकडे असे. बायकामुले गावी शेती सांभाळत आणि चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी जाई.

अ) अशा खोलीचा गावच्या आणि शहराच्या लिंग गुणोत्तरावर काय परिणाम होतो?
आ) १९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्ववत चालल्याच नाहीत. तरीही २०११ मध्ये हा फरक टिकून आहे. यामागची दोन संभाव्य कारणे द्या.
इ) घरातील किंवा शेजारच्या एका ज्येष्ठ स्त्रीला ‘तुम्ही इकडे कशा आलात?’ एवढेच विचारा आणि त्यांचे उत्तर शक्यतो त्यांच्याच शब्दांत लिहा. जनगणनेत स्थलांतराच्या कारणांमध्ये काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, कुटुंबासोबत येणे असे पर्याय असतात. त्यांच्यासाठी प्रगणकाने कोणता पर्याय नोंदवला असता? लग्न होऊन आलेल्या आणि पुढे वीस वर्षे खानावळ चालवलेल्या बाईंची नोंद ‘लग्न’ एवढीच झाली, तर कोणती माहिती हातातून निसटते? (या उपप्रश्नाला ४ गुण आहेत. येथे घाई करू नका.)

प्रश्न ४. (८ गुण)
२०११ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची घनता दर चौरस किलोमीटरला १९,६५२ होती. त्यावरून एका व्यक्तीच्या वाट्याला सरासरी किती चौरस मीटर जमीन येते ते काढा. आता वरळी किंवा नायगावच्या बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांची खोली घ्या आणि तीत पाच माणसे राहतात असे धरून प्रत्येकाच्या वाट्याला किती चौरस मीटर येते ते काढा (१ चौरस मीटर = १०.७६ चौरस फूट). चाळ तीन मजली असूनही दुसरा आकडा पहिल्यापेक्षा इतका लहान का येतो? जिल्ह्यातील जमीन आणखी कशाकशाखाली आहे, याची नकाशा पाहून यादी करा.

त्यानंतर स्वतःच्या घराचा आराखडा प्रमाण घेऊन काढा. मोरी, पोटमाळा, गॅलरी, जिना यांपैकी जे असेल ते दाखवा आणि रात्री कोण कोठे झोपते ते खुणांनी नोंदवा. आराखडा सुबक नसला तरी चालेल, मापे मात्र टेपने घेतलेली असावीत. ज्यांना स्वतःचे घर दाखवायचे नसेल त्यांनी नातेवाइकांचे किंवा पूर्वी राहिलेले घर घ्यावे. त्यामुळे गुण कमी होणार नाहीत.

प्रश्न ५. (८ गुण)
२०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. जनगणनेच्या व्याख्येत अधिसूचित व मान्यताप्राप्त वस्त्यांखेरीज, किमान ३०० लोकसंख्येची किंवा ६० ते ७० कुटुंबांची दाट आणि आवश्यक सोयी नसलेली वस्तीही झोपडपट्टी धरली जाते. तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरात हे निवारे शोधा : पागडीची खोली, अकरा महिन्यांच्या करारावरचे घर, पुनर्वसनाची इमारत, बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या, आणि सोसायटीच्या जिन्याखाली राहणारा वॉचमन. यांतील कोणते वरील व्याख्येत बसते आणि कोणते निकृष्ट असूनही तिच्याबाहेर राहते, ते कारणांसह लिहा. जे सापडले नाही तेथे ‘आढळले नाही’ असे लिहावे. अंदाजाने रकाना भरू नये.

प्रश्न ६. (६ गुण)
एका कामाच्या दिवशी सकाळी सात ते साडेसात या वेळात आपल्या स्थानकाबाहेरच्या पुलावर, रहदारीला अडथळा न करता, उभे राहा. पाच-पाच मिनिटांच्या टप्प्यांत स्थानकाकडे जाणारी आणि स्थानकातून बाहेर पडणारी माणसे मोजा आणि संयुक्त स्तंभालेख काढा. पहाटेच येऊन पोहोचणाऱ्या घरकामाच्या बायका किंवा भाजीवाले तुमच्या मोजणीतून सुटतील, त्यामुळे निष्कर्षात वेळेची ही मर्यादा नोंदवावी. त्यानंतर पुढील प्रश्नाचे उत्तर दीडशे शब्दांत द्या : मुंबईत रोज कामाला जाणारा आणि डोंबिवलीत झोपणारा माणूस जनगणनेत ठाणे जिल्ह्यात मोजला जातो. मग परवडणाऱ्या घरांची गरज कोणत्या जिल्ह्याची समजावी?