गणवेशाचं माप आत्ता द्या, १५ एप्रिलपर्यंत १५ टक्के सूट

गड्डम गणवेश भांडार
अशोक चौकाजवळ, सोलापूर
१० मार्च २०२६

आदरणीय पालक,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या परीक्षा अजून व्हायच्या आहेत आणि हा माणूस जूनच्या गणवेशाचं काय काढून बसला, असं वाटेल. पण जूनचा पहिला आठवडा आठवून बघा. दुकानात पाय ठेवायला जागा नसते, मूल घामाघूम झालेलं असतं आणि नेमकं आपल्याला हवं तेच माप संपलेलं असतं. ती गर्दी तुम्हाला नको, आम्हालाही नको.

आमचं सगळं काम घरचंच आहे. वडील कटिंगला, आई काज-बटणाला, मापं माझी बायको घेते आणि हिशोब माझ्याकडे. मार्च-एप्रिलमध्ये आमच्या मशीन निम्म्या वेळ रिकाम्या असतात आणि मे संपता संपता रात्रपाळी लावावी लागते. ऑर्डर आधी हातात आली की कापड एकाच लॉटमधून घेता येतं. मग शर्टाच्या दोन जोडांत एक पांढरा आणि एक पिवळट, असं होत नाही. रात्रपाळीचे जे पैसे वाचतात, त्यातूनच ही सूट देतोय. दर आधी वाढवून मग कमी केलेले नाहीत. दुकानातला दरफलक कधीही येऊन बघा.

१५ एप्रिलपर्यंत ऑर्डर दिली तर १५ टक्के सूट आणि माल २५ मेपर्यंत तयार. त्यानंतर १० मेपर्यंत ८ टक्के सूट आणि माल ८ जूनपर्यंत. पुढे नेहमीचा दर.

हाफ पँट-शर्टाचा ७०० रुपयांचा जोड पहिल्या मुदतीत ५९५ ला पडेल, दुसऱ्या मुदतीत ६४४ ला. फुल पँट-शर्ट १,००० चा ८५० ला, नंतर ९२०. सलवार-कमीज-ओढणी १,१०० ची ९३५ ला, नंतर १,०१२. ट्यूनिक आणि स्कर्टचे दर मापाप्रमाणे बदलतात, ते ऑर्डर कार्डावर छापलेत. एकाच घरातली दोन मुलं असतील तर एकूण बिलात आणखी १०० रुपये कमी. टाय, बेल्ट आणि मोजे आम्ही बाहेरून आणतो, त्यांवर सूट परवडत नाही. ऑर्डर देताना जोडामागे ३०० रुपये ॲडव्हान्स, बाकीचे माल नेताना.

आता खरा प्रश्न. "आत्ता माप दिलं आणि जूनपर्यंत पोरगं वाढलं तर?" वाढणारच, सुट्टीत तर जास्तच. म्हणून पँटच्या पायाला आम्ही आत दोन इंच दुमड ठेवतो आणि कमरेला मागच्या शिवणीत एक इंच कापड जास्त सोडतो. उंची वाढली की दुमड उसवून खाली घ्यायची. ते काम आम्ही वर्षभर फुकट करून देतो. माप अगदीच चुकलं तर न धुतलेला गणवेश ३० जूनपर्यंत बदलून मिळेल.

माप द्यायला येताना गेल्या वर्षीचा गणवेश जरूर आणा. मुलापेक्षा तो जास्त खरं बोलतो! गुडघा विरलाय की खिशाचा कोपरा फाटलाय, ते बघून वडील तिथे डबल शिलाई घालतात. ओढून ताणून धावणाऱ्या मुलांची पँट बैठकीत उसवते, तिथेही आतून पट्टी लावून देतो.

एक सल्ला, धंद्याच्या विरुद्ध असला तरी. पाचवी ते आठवीच्या मुलांना एकदम तीन जोड घेऊ नका. दोन घ्या, तिसरा लागलाच तर दिवाळीनंतर. तोवर माप बदललेलं असतं. शाळेतून मोफत गणवेश मिळणार असेल तर आधी वर्गशिक्षकांना विचारा, मगच आमच्याकडे या. आणि शाळेनं गणवेशच बदलला, तर कापड कापायच्या आधी कळवा. ॲडव्हान्स पूर्ण परत.

दुकान सकाळी १० ते १ आणि उन्हं उतरल्यावर ४ ते ९ उघडं असतं. सोमवारी बंद. रविवारी सकाळी माप घ्यायला घरचे दोघं जास्त असतात, लहान मुलांना घेऊन तेव्हाच या. जुळे सोलापूर, होटगी रोडकडून येणं जमत नसेल तर सोबतच्या ऑर्डर कार्डावर मापं कशी घ्यायची त्याचं चित्र आहे. भरून पाठवा, नंबर कार्डावरच आहे. शंका आली तर आम्हीच फोन करून विचारू.

आपला,
श्रीनिवास गड्डम
आणि घरचे सगळे

ता. क. गुढीपाडवा १९ मार्चला आहे. त्या दिवशी दुकान दुपारी १ पर्यंतच उघडं राहील. पीटी ड्रेसचं कापड यंदा थोडंच आलंय, तो हवा असेल तर कार्डावर वेगळी खूण करा.