कु. स्नेहल पाटील हिच्यासाठी शिफारसपत्र

रसायनशास्त्र विभाग,
कोल्हापूर
दि. 12 डिसेंबर 2024

प्रति,
मा. सदस्य,
परदेशी उच्च शिक्षण शिष्यवृत्ती निवड समिती

विषय: हेलसिंकी विद्यापीठ, फिनलंड येथे पदार्थ रसायनशास्त्रातील दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज केलेल्या कु. स्नेहल पाटील हिची शिफारस

महोदय,

कु. स्नेहल पाटील हिने मे 2024 मध्ये आमच्या विभागातून रसायनशास्त्र विषयात बी.एस्सी. पदवी प्रथम श्रेणीत मिळवली. जुलै 2023 पासून आजपर्यंत, म्हणजे जवळपास दीड वर्ष, ती माझ्या मार्गदर्शनाखाली थिन फिल्म प्रयोगशाळेत काम करत आहे. त्यातले पहिले वर्ष तृतीय वर्षाच्या प्रकल्पाचे होते आणि पदवीनंतरचे काम तिने स्वतः मागून घेतले. विद्यापीठाला मी इंग्रजीत स्वतंत्र पत्र पाठवले आहे. आपल्या समितीत निरनिराळ्या विषयांचे जाणकार असल्यामुळे इथे तिच्या कामाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तिची योग्यता गुणपत्रिकेपेक्षा त्या कामातच अधिक दिसते.

काचेवर झिंक ऑक्साइडचा काही शे नॅनोमीटर जाडीचा, एकसारखा आणि घट्ट चिकटलेला थर बसवणे हा तिचा विषय होता. त्यासाठी तिने ‘सिलार’ ही पद्धत वापरली. काचपट्टी आधी झिंक सल्फेट आणि अमोनियाच्या द्रावणात बुडवायची, मग सुमारे 90 अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात, आणि हे आवर्तन पुन्हा पुन्हा करायचे. प्रत्येक आवर्तनात थर किंचित वाढतो. 1985 मध्ये निकोलाऊ यांनी मांडलेल्या या पद्धतीला निर्वात यंत्रणा लागत नाही, म्हणून आमच्यासारख्या मर्यादित साधनांच्या प्रयोगशाळेला ती परवडते. मात्र ती दिसते तितकी सोपी नाही. द्रावणाचा पीएच, तापमान, बुडवण्याचा वेळ आणि काचेची स्वच्छता यांपैकी काहीही थोडे हलले की थर बिघडतो.

स्नेहलच्या फिल्म सुरुवातीचे दोन महिने बिघडतच होत्या. चाळीसेक आवर्तनांपर्यंत थर पारदर्शक राहायचा आणि त्यानंतर खडूसारखा पांढरा होऊन बोट लावले तरी निघून यायचा. काच नीट धुतली जात नसावी, असे मी तिला सांगितले. त्यावरून तिने तीन आठवडे धुण्याची पद्धत बदलून पाहिली, क्रोमिक ॲसिड, ॲसिटोन, अल्ट्रासॉनिक बाथ असे सगळे क्रम लावून पाहिले, पण फरक पडला नाही. माझा अंदाज चुकला होता, आणि ते तिने माझ्यासमोर आकड्यांनिशी मांडले. थर नेहमी एका ठरावीक वेळेनंतरच बिघडतो, काच कशीही धुतली तरी तो वेळ बदलत नाही, तेव्हा दोष काचेत नसून द्रावणात असला पाहिजे, हा तिचा तर्क होता. मग तिने दर दहा आवर्तनांनी झिंकच्या द्रावणाचा पीएच मोजायला सुरुवात केली. तो हळूहळू उतरत होता. शेजारीच ठेवलेल्या गरम पाण्याच्या बीकरमुळे हे द्रावण कोमट होत होते आणि त्यातला अमोनिया उडून जात होता. झिंकला द्रावणात धरून ठेवणारा अमोनिया कमी झाला की झिंक हायड्रॉक्साइडचा साका द्रावणातच तयार होतो आणि त्याची सैल भुकटी काचेवर बसते. तिने दोन्ही बीकर एकमेकांपासून दूर ठेवले, झिंकच्या बीकरला पट्टी जाईल एवढीच फट ठेवून झाकण केले आणि पीएच उतरेल तसा अमोनिया भरत राहिली. त्यानंतर 60 आवर्तनांपर्यंत थर घट्ट आणि पारदर्शक राहू लागला. आज आमच्या प्रयोगशाळेत सगळे विद्यार्थी याच मांडणीने काम करतात.

या शोधात नवे रसायनशास्त्र नाही, हे मला मान्य आहे. पण बी.एस्सी.च्या विद्यार्थिनीने मार्गदर्शकाचे म्हणणे आधी प्रामाणिकपणे तपासावे, ते टिकत नाही असे दिसल्यावर नम्रपणे बाजूला ठेवावे आणि खरे कारण मोजमापाने सिद्ध करावे, हे मी बावीस वर्षांच्या अध्यापनात फार थोड्यांदा पाहिले आहे.

मोजमापाच्या बाबतीत ती विशेष काटेकोर आहे. आमच्याकडे थराची जाडी वजनातील फरकावरून काढतात. पट्टीच्या एका बाजूचा थर सौम्य आम्लाने पुसून घ्यायचा, उरलेल्या थराचे वजन करायचे आणि झिंक ऑक्साइडची घनता 5.6 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरून जाडी मांडायची. साधारण 400 नॅनोमीटरच्या थराचे 10 चौरस सेंटिमीटरवरील वजन जेमतेम 2.2 मिलिग्रॅम भरते आणि आमच्या तराजूचे लघुतम माप 0.1 मिलिग्रॅम आहे. त्यामुळे जाडीचा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिण्यात अर्थ नाही, शिवाय थर सच्छिद्र असेल तर खरी जाडी या हिशेबापेक्षा जास्त निघेल, हे तिने स्वतःहून प्रकल्प अहवालात नोंदवले. थरात कोणता स्फटिकी पदार्थ तयार झाला आहे हे दाखवणाऱ्या एक्स-रे डिफ्रॅक्शन चाचणीसाठी नमुने बाहेर पाठवावे लागतात. पहिल्या आलेखात 34.4 अंशांजवळचे अपेक्षित शिखर आले, पण त्यासोबत झिंक ऑक्साइडची नसलेली दोन लहान शिखरेही आली. ती तिने दडवली नाहीत. हायड्रॉक्साइड शिल्लक असावे असे अनुमान करून तिने 300 अंश सेल्सिअसवर तापवून ॲनीलिंग केले आणि नमुने पुन्हा पाठवले, तेव्हा ती शिखरे नाहीशी झाली. पदार्थातला इलेक्ट्रॉन वीज वाहण्यासाठी मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा, म्हणजे बँड गॅप, तीन फिल्मवर 3.21, 3.24 आणि 3.31 इलेक्ट्रॉन व्होल्ट असा आला. तिसरा आकडा गाळला असता तर निकाल अधिक एकसारखा दिसला असता. तो गाळण्यासाठी प्रयोगातले कोणतेही कारण नाही, असे म्हणून तिने तिन्ही आकडे दिले.

तिच्या मर्यादाही आपल्याला सांगितल्या पाहिजेत. द्वितीय वर्षात भौतिक रसायनशास्त्राचे तिचे गुण कमी आहेत. तो विषय तिने पुढे प्रकल्पाच्या निमित्ताने पुन्हा मुळापासून अभ्यासला, पण गुणपत्रिकेत ते दिसणार नाही. इंग्रजीत लिहिताना तिला वेळ लागतो. निर्वात पद्धतींवर तिने हात चालवलेला नाही, कारण तशी यंत्रणा आमच्याकडे नाही.

नेमक्या याच कारणाने तिची विद्यापीठाची निवड मला योग्य वाटते. फिनलंडमध्ये 1970 च्या दशकात तुओमो सुंतोला यांनी विकसित केलेली ॲटॉमिक लेयर डिपॉझिशन ही पद्धत आणि सिलार यांच्यामागची कल्पना एकच आहे: दोन अभिक्रियाकारक आळीपाळीने पृष्ठभागावर आणायचे आणि थर टप्प्याटप्प्याने वाढवायचा. एक सहसा निर्वात यंत्रणेत, वायूंत होते, दुसरी द्रावणांत. हेलसिंकीच्या रसायनशास्त्र विभागात या विषयावर दीर्घकाळ काम चालले आहे. बीकर आणि पीएच मीटर घेऊन हीच कल्पना दीड वर्ष हाताळलेल्या विद्यार्थिनीला तिथे पाया नव्याने घालावा लागणार नाही.

आजवर मी सुमारे चाळीस विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांना मार्गदर्शन केले आहे आणि प्रयोगशाळेतील कामाच्या दृष्टीने स्नेहल त्यांतील पहिल्या तिघांत आहे. तिचे वडील राधानगरी तालुक्यात अल्पभूधारक शेतकरी आहेत आणि शिष्यवृत्तीशिवाय हा खर्च कुटुंबाला पेलणारा नाही. तिच्या अर्जाची मी पूर्ण जबाबदारीने आणि मनापासून शिफारस करतो. तिच्या दोन्ही प्रयोगवह्या, फसलेल्या फिल्मच्या नोंदींसह, विभागात ठेवल्या आहेत; समितीला पाहायच्या असल्यास त्या त्वरित सादर करीन.

आपला विश्वासू,

(डॉ. अ. वि. देसाई)
प्राध्यापक व प्रकल्प मार्गदर्शक,
रसायनशास्त्र विभाग