गुरुवारची हंगामपूर्व मीटिंग (११ डिसेंबर): काय ठरलं, काय राहिलं, कुणी काय करायचं

सगळ्यांना नमस्कार,

काल पॅकहाऊसवर झालेल्या मीटिंगच्या नोट्स सानिकाने घेतल्या होत्या, वहीची सहा पानं भरली आहेत, त्यावरून हे लिहितोय. तिला येऊन तीन आठवडेच झालेत आणि आपण सगळे एकाच वेळी बोलत होतो, त्यामानाने पोरीने बरंच पकडलंय. मी चारला निघालो होतो, त्यामुळे पुढचं सगळं तिच्या वहीतूनच घेतलंय, आणि जिथे एका ओळीचे दोन अर्थ निघत होते तिथे बोलणाऱ्याला आज सकाळी फोन करून विचारून घेतलं. "करायचं" असं पंधरा ठिकाणी होतं पण कोण करणार ते मोजक्याच ठिकाणी, म्हणून प्रत्येक कामापुढे आता नाव आणि तारीख टाकलीय. कुणाला मान्य नसेल तर उद्या शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगा, नंतर हेच धरून चालू.

हजर: प्रमोद सर, विशाल, संदीप भाऊ, रेश्मा ताई, शोभा मावशी, सानिका, मी चारपर्यंत, आणि शेतकऱ्यांकडून नाना व दोन तरुण बागायतदार.

थोडक्यात

यंदा निर्यातीच्या द्राक्षांचा माल गेल्या वर्षीपेक्षा साधारण ४० टक्के कमी धरायचा, पहिला प्लॉट २८ जानेवारीच्या आसपास तुटेल, त्याच्या आत रेसिड्यू सॅम्पल, तीन नंबरचं प्रीकूलिंग चेंबर आणि बॉक्सची ऑर्डर ही तीन कामं झालीच पाहिजेत. पॅकिंगचा मजुरीचा दर आणि कुठला माल युरोपला कुठला आखातात, या दोन गोष्टी ठरलेल्या नाहीत. नोट्समध्ये दोन्हीपुढे "फायनल" लिहिलंय, पण तसं नाहीये, सरांशी बोलून खात्री केली.

माल किती

वहीत "माल ४०%" एवढंच होतं. आता ४० टक्केच येणार की ४० टक्के कमी येणार, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. विशालला विचारलं, तो म्हणाला ४० टक्के कमी. कारण सगळ्यांना माहितीच आहे, मे महिन्यापासून पाऊस लागला, एप्रिल छाटणीनंतर काडीला जे ऊन मिळायला हवं ते मिळालं नाही, त्यामुळे घड निर्मितीच कमी झाली, ऑक्टोबर छाटणीनंतर बघावं तर काही बागांत वेलीवर नुसता पाला. नानांचं म्हणणं आहे की अजून महिनाभरात आणखी घट दिसेल, पण तो अंदाज आहे, आकडा धरलेला नाही.

आपल्याकडे यंदा २७ प्लॉट आहेत. त्यातले २ प्लॉट ग्रेपनेटवर यंदा नोंदलेलेच नाहीत, नोंदणी नसेल तर तो माल युरोपला जाऊच शकत नाही, मग बाग कितीही देखणी असो. हे वहीच्या शेवटच्या पानावर कोपऱ्यात लिहिलेलं सापडलं, मी इथे वर आणलंय कारण वेळ कमी आहे.

रेसिड्यू

नोट्समध्ये होतं "विशाल सॅम्पल काढेल, १२ जाने." हे दुरुस्त करतोय. सॅम्पल लॅबचा माणूस प्लॉटवर येऊन काढतो, आपण नाही. विशालने लॅबकडून तारीख घ्यायची, शेतकऱ्याला कळवायचं आणि त्या दिवशी सोबत हजर राहायचं. १२ जानेवारीपासून सुरू करायचं, आधी लवकर छाटणीचे ९ प्लॉट.

त्याच्या आधी फवारणीच्या नोंदी तपासायच्या. सध्या काहींच्या वह्या व्यवस्थित आहेत, काहींच्या नोंदी कॅलेंडरवर आहेत, आणि एकाने सरळ सांगितलं की दुकानदाराच्या बिलावरून आठवून लिहितो. हे चालणार नाही असं सर्वांनी मान्य केलं. शेवटच्या फवारणीपासून त्या औषधाचा पीएचआय पूर्ण झाल्याशिवाय सॅम्पलच काढून घ्यायचं नाही, सॅम्पल फेल गेलं की वेळ आणि लॅबचे पैसे दोन्ही गेले.

सानिकाच्या वहीत इथे "लिहो. = २०१० !!! नाना चिडले" असं आहे. तिच्यासाठी आणि नवीन मुलांसाठी सांगतो: लिहोसिन म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड, वाढ रोखायला वापरायचे, २०१० मध्ये त्याच्या रेसिड्यूवरून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि कितीतरी जण कर्जात गेले. नाना त्यातून गेलेले आहेत म्हणून आवाज चढला, बाकी काही नाही. ठरलं असं की निर्यातीच्या प्लॉटवर ते वापरलेलं नाही याची प्रत्येकाकडून लेखी सही घ्यायची.

तीन नंबर चेंबर

वहीत "चेंबर ३ — ९ तास", पुढे काही नाही. संदीप भाऊंनी समजावलं ते असं: गेल्या हंगामाच्या शेवटी बाकीच्या चेंबरमध्ये माल सहा-सात तासांत ४ अंशांच्या खाली यायचा, तीन नंबरला नऊ तास लागायचे. म्हणजे दुपारी तोडलेला माल रात्री उशिरापर्यंत आत अडकून, मागच्या ट्रॉल्या बाहेर ताटकळत, आणि बाहेर थांबलेल्या मालाचा देठ सुकतो. भाऊंना कॉम्प्रेसरवर संशय आहे, पण दरवाजाचं गॅसकेटही फाटलंय, मी मार्चमध्ये हात घालून बघितलं होतं, थंड हवा सरळ बाहेर येत होती. आधी गॅसकेट बदलून ट्रायल घ्यायची, तरी नाही उतरलं तर कॉम्प्रेसरवाल्याला बोलवायचं. या क्रमाला सरांची मंजुरी आहे, गॅसकेटचा खर्च लगेच करा, कॉम्प्रेसरचा विचारून.

बॉक्स आणि पॅड

५ किलोचे, म्हणजे अर्ध्या किलोचे दहा पनेट बसणारे बॉक्स. आधी २२,००० ची ऑर्डर द्यायची होती, आता १४,००० द्यायची. (कमी मालाला १३,२०० लागतील, वर थोडे फाटण्या-भिजण्याला.) अडचण अशी की ऑर्डर कमी केली की सप्लायर बॉक्समागे २ रुपये वाढवून मागतोय. रेश्मा ताई सोमवारी पुन्हा बोलणार आहेत, माझं मत विचाराल तर २ रुपये गेले तरी चालतील, आठ हजार बॉक्स पावसाळाभर गोडाऊनमध्ये ठेवून ओल धरण्यापेक्षा ते परवडलं.

"पॅड २ शॉर्ट" यावर मी अर्धा तास डोकं खाजवलं. दोन खोके? दोन प्रकारचे? ताईंनी सांगितलं २ हजार. गोडाऊनला गेल्या वर्षीचे १२ हजार ग्रेप गार्ड आहेत, लागणार १४ हजार. पण माझी एक शंका आहे जी मीटिंगमध्ये कुणी काढली नाही: त्यातली किती पाकिटं फोडलेली आहेत? पॅड ओलाव्याने काम करायला लागतो, उघडं पाकीट पावसाळाभर राहिलं असेल तर त्यातला गंधक कधीच उडालाय, तो घालून माल पाठवला तर कंटेनर उघडल्यावर बुरशी. म्हणून आधी मोजणी, मग ऑर्डर.

कुठे पाठवायचं (ठरलेलं नाही)

जहाजं २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून जातायत, न्हावाशेवाहून रॉटरडॅमला आपण ३५ दिवस धरून चालायचं असं सर म्हणाले. वहीतलं "केप = ३५" म्हणजे हेच, सानिकाला तो कुठला तरी कोड वाटला होता. एवढे दिवस टिकायचं तर देठ हिरवा, मणी कडक आणि गोडी पूर्ण भरलेला मालच जायला हवा. विशालचं म्हणणं, भारी प्लॉट युरोपला आणि बाकीचे दुबईला. बागायतदारांचं म्हणणं, मग दुबईवाल्यांना दर कमी का. दोघांचं बरोबर आहे, म्हणूनच अर्धा तास गेला आणि निर्णय झाला नाही. पुढच्या मीटिंगला पहिला विषय हाच.

पॅकिंगच्या बायका

हा भाग सानिकाने सगळ्यात चांगला लिहिलाय, शोभा मावशींचं बोलणं जवळजवळ जसंच्या तसं: "गाडी सकाळी सातला येते, परत घरी नऊ वाजतात, सैपाक कोण करणार." मागण्या तीन: संध्याकाळची गाडी साडेसातला सुटलीच पाहिजे, संडासात पाणी दिवसभर पाहिजे, आणि दर वाढवून पाहिजे. पहिल्या दोन मान्य. दराबद्दल सरांनी "बघू" म्हटलंय, त्यामुळे मावशी, तुम्ही बायकांना वाढ झाली असं अजून सांगू नका, पण विषय बंदही झालेला नाही.

कामं

- विशाल: राहिलेल्या २ प्लॉटचे कागद घेऊन शेतकऱ्यांसोबत कृषी कार्यालयात जाणं, सोमवार १५ डिसेंबर. हे सगळ्यात आधी.
- विशाल: लॅबकडून तारखा घेऊन ग्रुपवर टाकणं, २२ डिसेंबर.
- विशाल आणि सानिका: २७ प्लॉटच्या फवारणीच्या नोंदी एका शीटमध्ये, लिहोसिनच्या सह्यांसकट, ५ जानेवारी. औषधांची नावं विशालने सांगायची, सानिकाने अंदाजाने लिहायची नाहीत.
- संदीप भाऊ: गॅसकेट बदलणं २० डिसेंबरपर्यंत, ट्रायल २६ ला. ट्रायलला मी येतो, तापमान दर तासाला लिहून ठेवू. ट्रायलला द्राक्षं नसतील, पाण्याचे कॅन ठेवले तरी फरक कळेल.
- रेश्मा ताई: बॉक्सचा दर सोमवारी, ऑर्डर १८ तारखेच्या आत.
- योगेश (मी) आणि रेश्मा ताई: पॅडची मोजणी, फुटलेली पाकिटं बाजूला, मंगळवार १६. त्याच दिवशी पॅडची ऑर्डर.
- प्रमोद सर: गाडीवाल्याशी साडेसातच्या वेळेचं बोलणं, १ जानेवारीच्या आत. दराचा निर्णय पुढच्या मीटिंगला.
- पाण्याची टाकी: नोट्समध्ये कुणाचंच नाव नव्हतं, सगळे "हो हो करू" म्हणाले होते. संदीप भाऊ, तुमच्या नावावर टाकलंय, प्लंबर तुमच्या ओळखीचा आहे. ३१ डिसेंबर.

पुढची मीटिंग सोमवार २२ डिसेंबर, दुपारी ३ वाजता, पॅकहाऊसच्या ऑफिसमध्ये. नाना, तुम्ही युरोप-दुबईच्या दराबद्दल काय अपेक्षा आहे ते बाकी बागायतदारांना विचारून या, म्हणजे परत तिथूनच सुरुवात नको. नोट्स सानिकाच घेईल, कृपया एकेकाने बोला.

योगेश
क्वालिटी